कोलटकरांवरचा वाद प्रबंधात कसा मांडावा

कवितेवरच्या प्रबंधातले दुसरे प्रकरण बहुधा एकाच चालीचे असते. अमुक यांनी तमुक साली असे म्हटले, दुसऱ्यांच्या मते असे आहे, तिसऱ्यांनी असेही नमूद केले आहे. चाळीस परिच्छेदांत चाळीस समीक्षक येतात आणि शेवटी ‘यावरून असे दिसते की या कवीवर विपुल लेखन झाले आहे’ असे वाक्य येते. विपुल लेखन झाले आहे हे ग्रंथसूची पाहूनही कळते. पूर्वाभ्यासाच्या आढाव्याने सांगायचे असते ते वेगळेच: या मंडळींचा वाद नेमका कशावर आहे, कोण कोणाला उत्तर देतो आहे आणि कोणता प्रश्न कोणीच नीट विचारलेला नाही.

अरुण कोलटकर हे या कामासाठी उत्तम आणि तितकेच अवघड उदाहरण आहे. त्यांच्यावरचे लेखन दोन भाषांत विभागलेले आहे, त्यांची पुस्तके फार विषम अंतराने आली आणि ‘जेजुरी’ या एका पुस्तकाने बाकीच्या सगळ्यांवर सावली धरली. मराठी विभागातला संशोधक आणि इंग्रजी विभागातला संशोधक एकाच कवीवर प्रबंध लिहितात, पण त्यांच्या संदर्भसूच्या शेजारी ठेवल्या तर चार-पाच नावे समान निघाली तरी पुष्कळ.

समीक्षकांकडे वळण्याआधी कवीच्या पुस्तकांचा कालक्रम कागदावर मांडून घ्यावा. ही पायरी पुष्कळजण गाळतात, कारण कालक्रम म्हणजे कविपरिचयाच्या प्रकरणाचा मजकूर असे वाटते. प्रत्यक्षात वादाचा सांगाडा त्यातच असतो. १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि कोलटकर यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले, तेव्हापासून कोलटकर मराठीत लिहीत होते, इंग्रजीतही लिहीत होते. ‘जेजुरी’ ही इंग्रजी कवितामालिका १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आली. १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसने तिचे पुस्तक काढले आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच १९७७ मध्ये प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केल्या. त्यानंतर पाव शतक पुस्तक नाही. मग २००३-०४ च्या आसपास ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘सर्पसत्र’ आणि ‘काळा घोडा पोएम्स’ अशी पुस्तके एकापाठोपाठ आली. सप्टेंबर २००४ मध्ये कवी गेला. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेला ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ २००९ मध्ये निघाला आणि मराठी ‘जेजुरी’ही पुस्तकरूपात आली ती कवीच्या पश्चातच.

आता समीक्षेच्या तारखा या यादीशेजारी ठेवा. १९७७ ते २००३ या काळात ‘कोलटकरांची इंग्रजी कविता’ असे जो लिहितो, त्याच्या हातात पुस्तक म्हणून फक्त ‘जेजुरी’ आहे. कोलटकर कमी लिहिणारे, अलिप्त, उपहासाचे कवी आहेत असा निष्कर्ष त्या काळातल्या वाचकाने काढला, तर तो चुकीचा म्हणण्याआधी त्याला काय उपलब्ध होते ते पाहावे लागते. जगभरच्या शोकाकुल स्त्रियांना एकत्र आणणारी ‘भिजकी वही’ वाचून झाल्यावर कोलटकरांना अलिप्त म्हणणे कठीण आहे. पण १९८५ मध्ये ती कोणी वाचलेली नव्हती. १९८५ चा समीक्षक आणि २०१४ चा समीक्षक ‘असहमत’ आहेत असे सरळ लिहून टाकणारा आढावा दोघांवरही अन्याय करतो. ते वेगवेगळ्या कोलटकरांबद्दल बोलत आहेत.

मुख्य वाद श्रद्धेचा म्हणून ओळखला जातो. मुंबईहून आलेला एक माणूस बसने जेजुरीला जातो, गड चढतो, पुजारी, म्हातारी, पडके देऊळ, दगड, उंदीर, फुलपाखरू पाहतो आणि रेल्वे स्टेशनवर येऊन परतीच्या गाडीची वाट पाहतो. हा माणूस श्रद्धाळू की नास्तिक? प्रबंधांतले आढावे बहुतेक या द्वंद्वाभोवती रचले जातात: एका बाजूला ‘श्रद्धावादी’ वाचने, दुसऱ्या बाजूला ‘अश्रद्ध’ वाचने, मधे ‘समन्वयवादी’. ही मांडणी सोयीची आहे, पण मूळ लेख वाचले की ती टिकत नाही. समीक्षक एकाच प्रश्नाची वेगळी उत्तरे देत नसून वेगळेच प्रश्न विचारत असतात.

चार जणांना घेऊन पाहू. आर. पार्थसारथी यांनी १९७६ मध्ये दहा भारतीय इंग्रजी कवींचे संकलन केले. त्यातल्या टिपणात त्यांचे म्हणणे असे की ही कविता श्रद्धा आणि संशय यांच्यामध्ये हेलकावते, आणि ज्या परंपरेत ती हे करते ती परंपराच आता थकलेली आहे. त्यांचा प्रश्न कवीच्या वृत्तीचा आहे. ब्रूस किंग यांनी १९८७ च्या ‘मॉडर्न इंडियन पोएट्री इन इंग्लिश’मध्ये हा प्रश्नच बाजूला सारला. त्यांच्या मते कवितेतला खरा विरोध आस्था आणि अनास्था यांचा नाही. सवयीने मेलेली नजर आणि जिवंत नजर यांचा तो विरोध आहे. देवळातल्या विधींत जे हरवले ते डोंगरात, फुलपाखरात, शेवटी नाचणाऱ्या कोंबड्यांत सापडते. म्हणजे किंग यांचा प्रश्न पाहण्याचा आहे.

भालचंद्र नेमाडे यांचा लेख या दोघांच्या मधल्या काळातला, १९८५ मध्ये ‘न्यू क्वेस्ट’मध्ये आलेला. जेजुरी हे महाराष्ट्रातल्या सामान्य लोकांचे जिवंत दैवत आहे आणि कोलटकर तिथे सुट्टीच्या दिवशी आलेल्या पर्यटकासारखे वावरतात, त्यांची नजर परक्याची आहे, असा त्यांचा आरोप. आढाव्यांत नेमाडे हटकून ‘श्रद्धेच्या बाजूचे’ म्हणून नोंदवले जातात. पण त्यांच्या लेखाचा विषय खंडोबा नाही. भारतीयाने इंग्रजीत सर्जनशील लेखन करावे का, हा विषय आहे आणि ‘जेजुरी’ हे त्यातले एक उदाहरण. नेमाडे विचारतात: कोण बोलतो आहे, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी? शिवाय हा आरोप बाहेरच्या माणसाचा नाही. नेमाडे स्वतः ‘वाचा’ चालवणारे, त्याच लघुअनियतकालिकांच्या पिढीतले. घरातल्या माणसाने घेतलेली ही हरकत आहे, हे आढाव्यात न आल्यास देशीवाद विरुद्ध आधुनिकता असे एक सपाट चित्र उरते.

अमित चौधरी यांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘जेजुरी’च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. ती मुख्यत्वे नेमाड्यांना दिलेले उत्तर आहे, आणि उत्तर देण्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. कवी तिथे पाहुणा आहे हे चौधरी नाकारत नाहीत. उलट शहरात भटकणाऱ्या, मोडक्या-टाकाऊ वस्तूंपाशी थबकणाऱ्या निरीक्षकाची जी आधुनिक परंपरा आहे, तिच्यात ते कोलटकरांना बसवतात. म्हणजे वस्तुस्थितीबद्दल दोघांचे बरेचसे एकमत आहे, भांडण आहे ते तिच्या मोलाबद्दल. नेमाड्यांना जो दोष वाटतो तो चौधरींना गुण वाटतो. आढाव्यात हे एक वाक्य लिहिता आले, तर ‘चौधरींनी नेमाड्यांचे मत खोडून काढले’ या धर्तीची पाच वाक्ये वाचतात. खोडून काढलेले काहीच नाही. किंग यांचे वाचनही नेमाड्यांना उत्तर ठरत नाही, कारण नजर कितीही जिवंत असली तरी भाषेचा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न थेट हाताळला गेला पुढच्या दशकात. लेतिशिया झेकिनी यांचे २०१४ चे पुस्तक कोलटकरांना मुंबईच्या आणि जागतिक आधुनिकतेत ठेवते, पण भक्तिकवितेशी असलेले त्यांचे नातेही समोर आणते. अंजली नेर्लेकर यांचे ‘बॉम्बे मॉडर्न’ (२०१६) द्वैभाषिकतेलाच केंद्र मानते. साठोत्तरी ही मराठी संज्ञा त्या इंग्रजी ग्रंथात तशीच वापरतात, आणि छोटी प्रकाशने, मुखपृष्ठे, कागद, छपाई यांना वाचनात आणतात. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेल्या आणि पुस्तकाच्या रूपाकडे बारकाईने पाहणाऱ्या कवीबद्दल हे फार आधी व्हायला हवे होते. दोन भाषांतला ताण कवीने सोडवला नाही, ही नेमाड्यांची तक्रार इथे उलटी होते: तो ताण न सोडवणे हीच त्याची रीत ठरते. प्रश्न बदलला की जुने पुरावे नव्याने बोलू लागतात ते असे.

यावरून लिहिण्याची एक सोपी पद्धत निघते. प्रत्येक समीक्षकासाठी एक कार्ड करावे आणि त्यावर सारांश लिहू नये. त्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात: हा लेख कोणता प्रश्न विचारतो, कोणत्या कवितांवरून उत्तर देतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि त्या वेळी कोलटकरांची कोणती पुस्तके त्याच्यासमोर होती. दुसऱ्या रकान्याने सर्वांत जास्त गोष्टी उघड होतात. ‘जेजुरी’त एकतीस कविता आहेत. पण कार्डे भरत गेलात की तीच ती पाच-सहा नावे फिरताना दिसतात: बस, पुजारी, म्हातारी, पडके देऊळ, यशवंतराव, रेल्वे स्टेशन. म्हातारीची कविता तर अभ्यासक्रमांमुळे इतकी घासली गेली आहे की तिच्यावरचे लेखन हा वेगळाच विषय होऊ शकेल. उरलेल्या कवितांकडे कोण वळले आणि का, ही नोंद आढाव्याला खरी उंची देते.

एक उदाहरण करून पाहू. नेहमीचा परिच्छेद असा असतो: ‘पार्थसारथी यांच्या मते जेजुरीत श्रद्धा व संशय यांचा संघर्ष आहे. नेमाडे यांनी कोलटकरांवर टीका केली आहे. ब्रूस किंग यांनी कवितेचे कौतुक केले आहे. अमित चौधरी यांनीही ही कविता महत्त्वाची मानली आहे.’ यात खोटे काही नाही आणि माहितीही काही नाही. तोच मजकूर प्रश्नाभोवती रचला की असा होतो: ‘कवितेतला निवेदक जेजुरीत परका आहे, हे नेमाडे आणि चौधरी दोघांनाही मान्य आहे. नेमाडे या परकेपणाचे मूळ इंग्रजीच्या निवडीत पाहतात, तर चौधरी त्याला शहरी आधुनिक दृष्टीचे लक्षण मानतात. मात्र दोघांचाही भर ज्या कवितांत निवेदक स्वतः बोलतो त्यांच्यावर आहे. वाघ्या आणि मुरळी यांच्या तोंडी घातलेल्या गीतांत निवेदक मागे सरतो, त्यांचा हिशेब या मांडणीत येत नाही.’ शेवटच्या वाक्यापाशी प्रबंधकार स्वतः बोलू लागला आहे, आणि तेही ‘माझ्या मते’ न म्हणता. अर्थात, असे वाक्य लिहिण्याआधी दोन्ही लेख मुळातून वाचून भर खरोखर तसाच आहे का हे तपासावे लागते.

मुळातून वाचणे इथे कळीचे आहे, कारण कोलटकर-समीक्षेत उसने उतारे फार फिरतात. नेमाड्यांचा ‘न्यू क्वेस्ट’मधला लेख मिळवणे कष्टाचे, चौधरींची प्रस्तावना सहज हाती येणारी. मग नेमाडे चौधरींच्या प्रस्तावनेतून उद्धृत होतात आणि तळटीप मात्र थेट ‘न्यू क्वेस्ट’ची पडते. हे ओळखायला अवघड नसते. उतारा तिथेच सुरू होतो, तिथेच तुटतो, गाळलेल्या जागांचे टिंबही तेच असतात. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ‘त्या लेखात कोलटकरांखेरीज आणखी कोणाचा उल्लेख आहे?’ एवढे विचारले तरी पुरे. मूळ अंक मिळालाच नाही तर ‘चौधरी यांच्याद्वारे उद्धृत’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. शिवाय साम्यतपासणीचे सॉफ्टवेअर सर्वांत जास्त अडते ते याच प्रकरणात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण एकाच प्रस्तावनेचा जाडा अनुवाद केलेला आढावा ती मर्यादा गाठायला वेळ लावत नाही.

कवीचे स्वतःचे विधान हा दुसरा सापळा. देवावर विश्वास आहे का, असे एका मुलाखतीत विचारल्यावर कोलटकरांनी आपण तो प्रश्न तसाच सोडून देतो, या बाजूने की त्या बाजूने अशी भूमिका घेण्याची गरज वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर दिले होते. प्रबंधांत ते निकालपत्रासारखे वापरले जाते: कवीनेच सांगितले, वाद मिटला. पण वाद कवीच्या श्रद्धेचा कधीच फारसा नव्हता, हे वर आपण पाहिले. ते उत्तर पुरावा म्हणून घ्यायचे तर पार्थसारथींच्या प्रश्नाला लागू पडते, तेही अर्धेच. नेमाड्यांच्या प्रश्नाला ते शिवतही नाही.

शोध घेताना भाषेची भिंत अगदी वर्णलेखनापासून उभी राहते. `Kolatkar` असा शोध दिला की इंग्रजी लेखन मिळते. मराठीत ‘कोलटकर’ आणि ‘कोल्हटकर’ दोन्ही शोधावे लागतात, कारण चुकीचे रूप मुद्रितांतही आढळते आणि ग्रंथालयाच्या नोंदींतही. शोधगंगेवर मराठी प्रबंधांची शीर्षके कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत चढवलेली असतात, त्यामुळे एका शोधाने भागत नाही. इंग्रजी समीक्षा पुस्तकांत आणि संशोधनपत्रिकांत गोळा झालेली आहे. मराठी समीक्षा मात्र नियतकालिकांचे विशेषांक, परीक्षणे, प्रस्तावना, मृत्युलेख यांत विखुरलेली आहे. ती गोळा करायची म्हणजे जुन्या अंकांची पाने उलटणे आले. शुभांगी रायकर यांनी १९९५ मध्ये पुण्याहून काढलेले ‘जेजुरी’वरचे भाष्य यात उपयोगी पडते, कारण त्यात स्थळ, विधी आणि संदर्भ यांचा उलगडा आहे आणि इतरांचे लेखही आहेत. मराठी विभागातल्या संशोधकाने इंग्रजी ‘जेजुरी’ वगळून आणि इंग्रजी विभागातल्या संशोधकाने ‘भिजकी वही’ वगळून आढावा लिहिला, तर तो अर्ध्या कवीचा आढावा होतो. वगळायचे असेल तर निदान का वगळले हे लिहावे.

उणीव दाखवण्याची घाई हा या प्रकरणाचा शेवटचा रोग. ‘आजवर या दृष्टीने अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘मी फार शोधले नाही’ याचे सभ्य रूप असते. खरी उणीव वादाच्या आतूनच निघायला हवी. कोलटकरांचे भक्तिपरंपरेशी नाते सांगणारे समीक्षक तुकारामापाशी आणि जनाबाईपाशी जातात, आणि ते रास्त आहे, कारण कोलटकरांनी संतांच्या रचनांचे अनुवाद केले. देवाशी भांडणारी, देवाची थट्टा करणारी ती वाणी त्यांच्या उपरोधाला घरचे मूळ देते, आणि परकेपणाच्या आरोपाला हे चांगले उत्तर आहे. पण ही परंपरा विठ्ठलाची. जेजुरी खंडोबाची. धनगर बाणाई आणि वाणी कुळातली म्हाळसा, वाघ्या-मुरळी, नवस, लंगर तोडणे, जागरण हे जग वारकरी जगापेक्षा वेगळे आहे. त्यावर रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ १९६१ पासून उपलब्ध आहे, गुंथर सोन्थायमर यांचे पशुपालकांच्या दैवतांवरचे कामही आहे. ‘जेजुरी’वर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांच्या संदर्भसूचीत ही दोन नावे येतात, हे कार्डांवरून मोजता येते. आणि येतात तेव्हा नुसती माहितीची तळटीप म्हणून येतात की वाचन त्यांच्यामुळे बदलते, हेही पाहता येते.

यशवंतरावाची कविता यासाठी कस पाहणारी आहे. मुख्य देवळाबाहेरचा, हात-पाय नसलेला, मोडलेली हाडे सांधून देणारा हा दुय्यम देव कवितेत थट्टेने येतो, पण त्याला मिळणारी आपुलकी गडावरच्या मोठ्या देवाला मिळत नाही. थट्टा शहरी पाहुण्याची म्हणायची, की क्षेत्राच्या ठिकाणी मोठ्या देवापेक्षा छोट्या, कामाच्या देवाशी सलगी करणाऱ्या लोकांचीच ती रीत आहे? पहिले उत्तर नेमाड्यांकडे जाते. दुसरे घ्यायचे तर ढेरे-सोन्थायमर यांच्या आधाराशिवाय घेता येत नाही. वाघ्याच्या गीताचेही तसेच. वाघ्याचे सोंग घेऊन बोलणारा मराठी कवी कोलटकरांच्या आधी चारशे वर्षे होऊन गेला: एकनाथांनी मल्हारीची वारी मागणाऱ्या वाघ्याच्या तोंडी भारूड घातले आहे. नाथांच्या भारुडात वाघ्या हे अध्यात्माचे रूपक आहे, कोलटकरांच्या इंग्रजी गीतात तो पोटासाठी मागणारा माणूस आहे, आणि मराठी ‘जेजुरी’ आता शेजारी ठेवता येते. या तिन्ही पाठांची तुलना ज्या प्रबंधाला करायची असेल, त्याच्या आढाव्यात नेमाडे ‘विरोधक’ म्हणून येणार नाहीत. बोलणारा कोण आणि कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न तिथे पुढच्या प्रकरणाचे शीर्षक म्हणून येईल.